बोलतो नीट, आठवतं सगळं. मग माणूस बदलला कसा?
कपाळामागच्या मेंदूच्या इजेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पांढुर्णा आणि सौंसर या भागाला डोक्याचा मार नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगावकरांची गोटमार होते आणि दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. वर्षभर नागपूर-बैतूल आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यांवर मोटारसायकलचे अपघात होत असतात. रक्त थांबलं, टाके पडले, माणूस घरच्यांना नावानं हाक मारू लागला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी अडचण काही घरांत त्यानंतर सुरू होते. ती ओळखू येत नाही, कारण तिच्याभोवती काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज १ : बोलणं आणि आठवण शाबूत असेल, तर मेंदू ठीकच आहे

वस्तुस्थिती : मेंदूची सगळी कामं एका जागी होत नाहीत. नव्या आठवणी साठवण्याचं काम मुख्यतः कानशिलाच्या आतल्या बाजूचा भाग करतो. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या डाव्या बाजूला असतात. कपाळाच्या मागे आणि डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेला फ्रंटल लोबचा पुढचा भाग वेगळं काम करतो : काय आधी, काय नंतर हे ठरवणं, ठरवलेलं सुरू करणं, मध्येच आलेला मोह आवरणं आणि आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतोय हे पाहून ते बदलणं. हा भाग जखमी झाला आणि बाकीचा वाचला, तर माणसाला माहिती सगळी असते, पण ती माहिती दिवसाच्या कामात उतरत नाही.

समजा, सौंसरजवळच्या एका संत्रा बागायतदाराला अपघात झाला. वय पंचेचाळीस. तो बरा होऊन घरी आला. आंबिया बहराबद्दल विचारलं तर तो चोख सांगतो : डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, भारी काळ्या जमिनीत तो जास्त दिवस लागतो, पानं मलूल होऊन थोडी गळाली की खत देऊन हलकं पाणी सुरू करायचं. यात एकही चूक नाही. पण बागेत मात्र ताण अर्ध्यावर मोडतो, कारण मोटारीजवळून जाताना त्यानं ती सहज चालू केली. आणलेलं खत तसंच पडून राहतं. पहिला व्यापारी आला, त्याला त्यानं दुसऱ्या कोणाचा भाव न विचारता बगीचा उक्ता देऊन टाकला. मजुरांना ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी तो स्वतःच बाजाराला गेला. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारलं की तो पटेल असं काहीतरी सांगतो.

वैद्यकात या अवस्थेची गाजलेली नोंद १९८५ मध्ये पॉल एस्लिंगर आणि अँटोनिओ दमासिओ यांनी प्रसिद्ध केली. ई. व्ही. आर. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या, हिशेबाचं काम करणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांवरच्या भागातली गाठ वयाच्या पस्तिशीत काढली गेली. बुद्धिमापन चाचण्यांत त्याचे गुण सरासरीपेक्षा वर होते आणि स्मरणशक्ती उत्तम होती. तरी त्याची नोकरी गेली, जोखमीच्या व्यवसायात पैसा बुडाला आणि संसार मोडला. कोणत्या हॉटेलात जेवायचं हे ठरवण्यातही त्याचे तास जात.

गैरसमज २ : कपाळाला लागलंच नाही आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे पुढच्या भागाला इजा नाही

वस्तुस्थिती : मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. पाठीमागे पडून डोक्याचा मागचा भाग आपटला, तरी मेंदू पुढच्या बाजूला जोरात घासला जाऊ शकतो. डोळ्यांच्या खोबणीवरचं हाड आतून खडबडीत असतं, त्यामुळे नेमका फ्रंटल लोबचा खालचा भाग खरचटतो. म्हणून मागे मार आणि इजा पुढे, हे वारंवार घडतं.

पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅन रक्तस्राव, हाड मोडणं आणि तातडीनं शस्त्रक्रिया लागेल का, हे पाहण्यासाठी असतो. बारीक खरचटणं आणि मेंदूतल्या तंतूंची ओढाताण त्यात निसटू शकते. अशा वेळी एमआरआय जास्त दाखवतो, पण तोही स्वच्छ आला म्हणून वागणुकीतला बदल खोटा ठरत नाही.

घरी लक्ष ठेवण्याजोगी एक साधी खूण आहे. वास घेण्याच्या नसा याच भागाच्या खालून जातात. अपघातानंतर फोडणीचा, अगरबत्तीचा किंवा करपल्याचा वास येईनासा झाला, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. वास जाण्याची कारणं इतरही असतात, पण मार लागल्यानंतर तो गेला असेल तर या भागाच्या इजेचा संशय वाढतो.

गैरसमज ३ : डॉक्टरांसमोर तो अगदी बरोबर वागला, म्हणजे घरचे वाढवून सांगताहेत

वस्तुस्थिती : तपासणीच्या खोलीत प्रश्न डॉक्टर विचारतात, क्रम तेच ठरवतात आणि विषय भरकटला तर तेच परत आणतात. ज्या कामात रुग्ण अडतो, ते काम तिथे दुसरंच कोणी करत असतं. आज कोणती तारीख, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करा, अशा प्रश्नांत तो पास होतो.

१९९१ मध्ये लंडनमधल्या टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी यावर उपाय शोधला. डोक्याला मार लागलेल्या तीन माणसांना त्यांनी खऱ्या बाजारात पाठवलं. अमुक वस्तू आणा, अमुक माहिती काढा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी या आणि काही साधे नियम पाळा, इतकंच काम होतं. खोलीतल्या बहुतेक चाचण्यांत चांगले असलेले हे तिघं बाजारात नियम मोडत होते आणि कामं अर्धवट टाकत होते. नियम त्यांना पाठ होते.

दवाखान्यातही काही खास चाचण्या करता येतात. एकीत मूठ, हाताची कड आणि तळवा हा क्रम टेबलावर पुन्हा पुन्हा करायचा असतो. दुसरीत डॉक्टरांनी एकदा टकटक केलं तर आपणही करायचं, दोनदा केलं तर हात थांबवायचा. हात थांबवणं न जमणं ही आवर सुटल्याची खूण. पण ई. व्ही. आर.सारखी माणसं यातूनही सहज निघतात, म्हणून घरच्यांची हकिकत हा तपासणीचा तितकाच मोठा भाग आहे. ती सांगायला रुग्णाला सोबत न घेता, थोडा वेळ वेगळा मागून घ्यावा.

गैरसमज ४ : हा माज आहे, दारू आहे, नाहीतर बाहेरची बाधा

वस्तुस्थिती : आपल्या त्याच बागायतदाराकडे पुन्हा पाहू. पूर्वी शब्द तोलून बोलणारा हा माणूस मुलीच्या सासरच्या मंडळींसमोर अचकट विनोद करतो. भूक लागली की पंगतीची वाट पाहत नाही. क्षुल्लक कारणावरून भांडं भिरकावतो आणि दहा मिनिटांनी काही झालंच नाही अशा सुरात चहा मागतो. पत्नी रडत असते, ते त्याला दिसतं, पण पोचत नाही. काही रुग्णांत उलटं होतं : माणूस दिवसभर खाटेवर बसून राहतो, सांगितल्याशिवाय आंघोळही करत नाही. त्याला आळशी म्हटलं जातं. खरं तर काम सुरू करण्याची यंत्रणाच मंदावलेली असते.

असं वागणं पाहून अनेक कुटुंबं जामसावळीच्या हनुमानाला जातात. श्रद्धेनं मिळणारा आधार त्यांचा आहे, त्याला कोणी हरकत घ्यायचं कारण नाही. मात्र त्यामुळे डॉक्टर मागे पडू नयेत. बदल कधी सुरू झाला हे विचारलं, की उत्तर बहुतेकदा मार लागलेल्या तारखेपाशी येतं. आणि मार लागलेला नसताना पन्नाशी-साठीतला माणूस काही महिन्यांत असा पालटला, तर जास्तच घाई करावी. फ्रंटल लोबवर दाब देणारी सावकाश वाढणारी गाठ किंवा याच भागाचा झिजण्याचा आजार सुरुवातीला असाच दिसतो, आणि गाठ काढता येण्यासारखी असू शकते.

दारूबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. जखमी फ्रंटल लोबचा उरलासुरला आवर दारू आणखी सैल करते आणि फिट येण्याचा धोका वाढवते. या माणसाला पूर्वीइतकी दारू आता चालत नाही.

गैरसमज ५ : समजावलं किंवा धाक दाखवला की सुधारेल, नाहीतर मग काहीच होणार नाही

वस्तुस्थिती : समजावणं चालत नाही, कारण समज कमी पडलेली नाही. नंतर केलेली कानउघाडणी त्याला मान्य असते, शब्दशः आठवतेही, पण पुढच्या वेळी मोहाच्या क्षणी ती आडवी येत नाही. शिवाय आपल्यात काही बदललंय हे त्याला स्वतःला अनेकदा जाणवत नाही.

उपयोगी पडते ती बाहेरून दिलेली चौकट. याचा जुना पुरावा फिनिअस गेजचा आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना स्फोट झाला आणि तीन फूट सात इंच लांबीची पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो वाचला, बोलत होता, आठवण शाबूत होती. पण त्याचा स्वभाव इतका बदलला की मालकांनी त्याला जुन्या कामावर परत घेतलं नाही. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढे चिली देशात तो काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे फार सांगितलं जात नाही. रोज ठरलेल्या वेळी घोडे जुंपायचे, ठरलेल्या रस्त्यानं जायचं, अशा बांधीव दिनक्रमात तो काम निभावू शकला. १८६० मध्ये फिट येऊन त्याचा मृत्यू झाला.

घरी हीच चौकट उभी करता येते. दिवसाचं वेळापत्रक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावं आणि झालेल्या कामावर त्यानंच खूण करावी. एका वेळी एकच काम सांगावं, तेही छोट्या पायऱ्यांत : आधी पाण्याची वेळ, ती संपल्यावर खत. बागेचा सौदा, कर्ज आणि मोबाइलवरून होणारे पैशाचे व्यवहार दोघांच्या संमतीशिवाय होणार नाहीत अशी सोय बँकेत करून घ्यावी. मोटारसायकल डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. चिडचिड सुरू झाली की वाद न घालता जागा बदलावी. राग आणि फिटसाठी काही औषधं मदत करतात, पण नियोजन परत आणणारी गोळी नाही. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या मनानं दिल्या तर काहींची गुंगी आणि बेफामपणा दोन्ही वाढतात. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त सुधारणा दिसते. पुढेही ती सावकाश होत राहते, मात्र पूर्वीचा माणूस जसाच्या तसा परत येईल, असं वचन कोणी देऊ नये.

नागपूरला मेंदूरोगतज्ज्ञाकडे जाण्याआधी एक कागद तयार ठेवा. मार कधी आणि डोक्याच्या कोणत्या बाजूला लागला, शुद्ध किती वेळ हरपली होती, वास येतो का, फिट आली का, हे वर लिहा. खाली दोन रकाने आखा : आधी कसा होता आणि आता कसा आहे. पैसा, काम, बोलणं, राग, स्वच्छता, घरच्यांविषयीची काळजी, या प्रत्येकापुढे घडलेला एक-एक प्रसंग तारखेसह मांडा. अपघाताच्या भरपाईचा दावा असेल, तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचा लेखी अहवाल मागून घ्या. दावा ऐकणाऱ्यांनाही समोरचा माणूस नीट बोलतानाच दिसणार आहे, आणि गमावलेलं काम त्या बोलण्यात दिसत नाही.