एप्रिलमध्येच दार ठोठवा

नाशिकहून ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या एमएससीसाठी गेलेली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. परीक्षा मे महिन्यात आहे. एप्रिल उजाडला तरी एकच पान चारदा वाचून डोक्यात काही शिरत नाही. भरपूर झोपूनही अंग जडच. ज्या विषयासाठी घरच्यांनी कर्ज काढलं, त्याबद्दल आता 'काय उपयोग' एवढंच वाटतं. फोनवर मात्र ती म्हणते, "मस्त चाललंय गं, आई."

परीक्षेचा नेहमीचा ताण एखादा दिवस सुट्टी घेतली की थोडा उतरतो. विश्रांतीनंतरही न हटणारा थकवा, अभ्यासाविषयी आलेला तुटकपणा आणि 'मला जमतच नाही' ही भावना, हे तिन्ही एकत्र येऊन दोन-तीन आठवडे टिकलं, तर तो बर्नआउट असू शकतो. कशातच मन रमेना किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मात्र भेटीची वाट पाहू नये. इंग्लंडमध्ये १११ क्रमांक लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याची तातडीची मदत मिळते.

समुपदेशन तिथल्या विद्यार्थ्यांना सहसा मोफत असतं. आधी ऑनलाइन अर्ज, मग छोटी पहिली भेट, नंतर बहुधा मोजकी सत्रं. परीक्षा जवळ आली की रांग वाढते. अर्जात नुसतं 'ताण आहे' लिहिण्यापेक्षा 'तीन आठवडे झोप लागत नाही, दोन असाइनमेंट राहिल्या, पेपर १२ मेला' असं लिहिलं, तर निकड लगेच कळते.

आपल्या मुलांना व्हिसाची धास्ती असते. समुपदेशकाला भेटल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. जिवाला धोका असेल असे प्रसंग वगळता तिथलं बोलणं प्राध्यापकांना किंवा पालकांना कळवलं जात नाही. शिक्षणात खंड घेतला तर मात्र व्हिसावर परिणाम होऊ शकतो. म्हणून त्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारायलाच हवं.

सर्वांत महागात पडते ती वेगळीच गोष्ट. अनेक ब्रिटिश विद्यापीठांत 'फिट टू सिट' हा नियम आहे: पेपरला बसलात, म्हणजे तब्येत ठीक आहे असं तुम्हीच जाहीर केलंत. कसाबसा पेपर देऊन नंतर कारण सांगितलं, तर ते मान्य होणं कठीण. त्यामुळे आपल्या या मुलीने एप्रिलमध्येच पर्सनल ट्यूटरला ईमेल करावा, डॉक्टरांकडून किंवा समुपदेशन केंद्राकडून पत्र मिळतं का ते विचारावं आणि 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'चा अर्ज मुदतीत द्यावा. तो मंजूर झाला, तर बहुतेक ठिकाणी तोच पेपर ऑगस्टच्या सुमारास देता येतो आणि तो पहिलाच प्रयत्न धरला जातो.