पोहणे थांबले, पण बिल चालूच

माझ्या आईला दम्याचा त्रास वाढला, तेव्हा डॉक्टरांनी तरणतलाव बंद करायला सांगितले. क्लोरीन घामात मिसळून तयार होणारी वाफ श्वासनलिकेला झोंबते. सोसायटीच्या तलावाचे वर्षाचे १२,००० रुपये मात्र एप्रिलमध्येच भरले होते.

पहिले पत्र आम्ही चुकीचे लिहिले: ‘तब्येतीमुळे येणे जमत नाही.’ समितीने ते रजेचा अर्ज समजून बाजूला ठेवले. दुसऱ्या पत्रात सचिवांना स्पष्ट लिहिले: ‘सदस्यत्व ३० सप्टेंबरपासून कायमचे रद्द करावे, उरलेल्या सहा महिन्यांचे ६,००० रुपये आणि अनामत परत मिळावी.’ फ्लॅट क्रमांक, पावती क्रमांक लिहिला आणि प्रवेशपत्र सोबत जोडले. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘क्लोरीनयुक्त तलाव टाळावा’ एवढेच होते. संपूर्ण आजारपण समितीपुढे मांडण्याची गरज नसते.

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. परतावा नियमावलीवर ठरतो, म्हणून ती आधी वाचावी. शुल्क मासिक देखभाल बिलातच सर्वांकडून घेतले जात असेल, तर असे पत्र पुरत नाही. तो विषय सर्वसाधारण सभेत मांडावा लागतो.