सहा वाक्यांचे एक वाक्य

सातवीतला मुलगा निबंध लिहितो तेव्हा बहुतेकदा दोनच गोष्टी घडतात. एक तर तीन-तीन शब्दांची वाक्ये एकामागून एक येतात, नाहीतर ‘आणि’, ‘मग’, ‘आणि’ करत एकच वाक्य पानभर चालते. बोलताना हाच मुलगा ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ असे सहज म्हणतो, पण कागदावर मात्र ते जमत नाही. ही दरी भरण्यासाठी अमेरिकेतल्या शाळांमध्ये एक सराव रुळला. मुलांना सुटी, छोटी वाक्ये द्यायची आणि त्यांतून एक वाक्य बांधून घ्यायचे.

या सरावामागे मोजमाप होते. केलॉग हंट यांनी चौथी, आठवी आणि बारावीच्या मुलांचे लेखन तपासून 1965 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्णविरामांवर त्यांनी विसंबून राहायचे नाही असे ठरवले, कारण लहान मुले ते कुठेही देतात किंवा देतच नाहीत. त्याऐवजी एक मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेली सगळी गौण वाक्ये मिळून एक एकक धरले. ‘आणि’ने जोडलेली दोन स्वतंत्र वाक्ये म्हणजे दोन एकके. या एककाची सरासरी लांबी चौथीत साडेआठ शब्दांच्या आसपास, आठवीत साडेअकरा आणि बारावीत साडेचौदाच्या जवळ निघाली. वयाबरोबर मुले एका मुख्य वाक्यात अधिक माहिती सामावून घेऊ लागतात, हे त्यातून दिसले.

मग ही वाढ सरावाने लवकर घडवता येईल का? जॉन मेलन यांनी सातवीच्या मुलांवर प्रयोग करून 1969 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी वाक्यजोडणीला व्याकरणाच्या पाठांची जोड दिली होती. वाक्यरचना प्रगल्भ झाली, पण लेखनाचा एकूण दर्जा वाढल्याचे दिसले नाही. फ्रँक ओ’हेअर यांनी 1973 च्या अभ्यासात व्याकरणाच्या संज्ञा काढून टाकल्या आणि साध्या खुणा ठेवल्या. त्यांच्या सातवीतल्या मुलांची वाक्येही सुधारली आणि परीक्षकांना त्यांचे लेखनही सरस वाटले.

खुणांचा हा सराव मराठीत करून पाहता येतो. मुलांसमोर अशी वाक्ये ठेवायची:

पूल पाण्याखाली गेला.
पूल जुना होता.
नदीला पूर आला. (-मुळे)

पहिले वाक्य मुख्य. दुसऱ्यातून फक्त ‘जुना’ हा शब्द उचलायचा, तिसऱ्याला कंसातली खूण लावायची. उत्तर येते: ‘नदीला पूर आल्यामुळे जुना पूल पाण्याखाली गेला.’ मिश्र वाक्य आणि केवल वाक्य यांची व्याख्या पाठ नसली तरी हे जमते.

हात बसला की खुणा काढून घ्यायच्या आणि वाक्ये वाढवायची. मुले शाळेत होती, शिक्षक त्यांच्याबरोबर थांबले, रात्र शाळेतच काढावी लागली, अशी आणखी तीन. आता उत्तर एकच राहत नाही. कुणी लिहील, ‘पुरामुळे जुना पूल पाण्याखाली गेल्याने शाळेतल्या मुलांना रात्र तिथेच काढावी लागली आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर थांबले.’ दुसरी मुलगी लिहील, ‘ज्या शिक्षकांनी पुराची रात्र मुलांबरोबर शाळेत काढली, त्यांनाही पाण्याखाली गेलेला जुना पूल ओलांडता आला नसता.’ पहिल्या वाक्यात अडकलेली मुले पुढे येतात, दुसऱ्यात शिक्षक. ‘ओलांडता आला नसता’ हे दिलेल्या वाक्यांत नव्हते, ते मुलीने घातले. दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून कुणाची गोष्ट सांगितली गेली, नवे काय आले, यावर वर्ग बोलतो. सरावाचा खरा भाग हा आहे.

चुका होतात त्या ठरावीक जागी. ‘वह्या भिजल्या होत्या. वह्या मुलांच्या होत्या. शिक्षकांनी त्या वाळत घातल्या.’ यातून मुले हमखास लिहितात, ‘शिक्षकांनी भिजलेल्या मुलांच्या वह्या वाळत घातल्या.’ भिजले कोण, मुले की वह्या? विशेषण नामाजवळ सरकवले की प्रश्न मिटतो: ‘मुलांच्या भिजलेल्या वह्या.’ दुसरी जागा ‘-ऊन’ची. ‘पाऊस थांबून शिक्षकांनी मुलांना घरी पाठवले’ हे कानाला खटकते, कारण थांबणारा पाऊस आणि पाठवणारे शिक्षक वेगळे आहेत. तिथे ‘थांबल्यावर’ हवे. अशा चुका डोळ्यांनी निसटतात, म्हणून उत्तर मोठ्याने वाचायला लावतात.

या पद्धतीची मर्यादाही मोजमापातच आहे. एककाची लांबी वाढली म्हणजे लेखन चांगले झाले असे नाही. मेलन यांच्या प्रयोगातच ते दिसले. मुद्दा शोधणे, परिच्छेदांचा क्रम लावणे हे या सरावातून येत नाही. कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये लिहिलेल्या अहवालात चौथी ते बारावीच्या लेखनासाठी उपयोगी ठरलेल्या अकरा गोष्टी दिल्या आहेत. वाक्यजोडणी त्यांतली एक आहे आणि तिच्याबरोबर आराखडा करणे, मसुदा सुधारणे अशा बाबीही आहेत.

त्यामुळे शेवटचा टप्पा मुलांच्या स्वतःच्या वहीत घ्यावा लागतो. गेल्या आठवड्यात लिहिलेल्या निबंधातला सर्वांत तुटक परिच्छेद मुलाने निवडायचा आणि त्यातली दोन-तीन वाक्ये जोडायची. जे वाक्य आखूड राहिल्यानेच ठसते, ते तसेच ठेवायचे आणि का ठेवले ते समासात लिहायचे.