मन का लागत नाही?

अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात रॉबिन डॅमराड-फ्राय आणि जेम्स लेअर्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा पण चतुर प्रयोग केला होता. तो 1989 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका लेखाचं ध्वनिमुद्रण ऐकायला दिलं. लेख बऱ्यापैकी रंजक होता आणि सगळ्यांना तोच ऐकवला गेला. फरक होता तो शेजारच्या खोलीतल्या टीव्हीचा. काहींच्या वेळी तो बंद होता, काहींच्या वेळी मोठ्यानं चालू होता, तर काहींच्या वेळी आवाज इतका बारीक होता की तो कानावर पडतोय हे चटकन लक्षातच येऊ नये.

लेख सगळ्यात कंटाळवाणा वाटला तो या तिसऱ्या गटाला. टीव्ही मोठ्यानं चालू होता त्यांचंही लक्ष उडत होतंच, पण का उडतंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दोष टीव्हीला दिला. बारीक आवाजवाल्यांना लक्ष का लागत नाही याचं कारण दिसत नव्हतं. त्यांनी खापर लेखावर फोडलं.

म्हणजे ‘हे कंटाळवाणं आहे’ असा निकाल आपण देतो, तेव्हा तो निकाल समोरच्या गोष्टीबद्दल असेलच असं नाही. पुष्कळदा मन आपलं भरकटणं पाहतं आणि त्यावरून तर्क करतं. कंटाळ्याला आळसाच्या रांगेत बसवणंही म्हणूनच चुकीचं आहे. आळशी माणसाला काही करायचंच नसतं, त्यात तो सुखी असतो. कंटाळलेल्याला मात्र कशात तरी गुंतायचं असतं आणि ते जमत नसतं. तगमग होते ती त्यामुळे.

लक्ष का लागत नाही, याचं एक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आहे. ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर गस्त घालत. रडारच्या पडद्यावर शत्रूच्या पाणबुडीची बारीकशी खूण शोधत ऑपरेटर तासन् तास बसून असत, आणि वेळ जाईल तशा त्यांच्या नजरेतून खुणा निसटत. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी याची चाचणी घेण्यासाठी एक घड्याळ तयार केलं. कोऱ्या पांढऱ्या तबकडीवर एक काळा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके. अगदी क्वचित तो एकदम दोन पावलं उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचं, बस. असं दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि पाळी अर्ध्या तासाची ठेवली की नजर टिकते असंही. मॅकवर्थ मोजत होते ती सतर्कता, कंटाळा नव्हे. पण त्यातला धडा इथेही लागू पडतो. गस्तीवरच्या कामात अर्थाची वाण नव्हती, जहाजांवरच्या माणसांचे जीव त्यावर अवलंबून होते. तरीही मनाला धरून ठेवायला त्या पडद्यावर पुरेसं काही नव्हतं.

उलटही घडतं. काम जमतंय, लक्षही लागू शकतं, पण ते कशासाठी करायचं हेच कळत नाही. कोणीही कधी उघडून पाहणार नाही असा अहवाल दर महिन्याला भरणाऱ्या कारकुनाला हे सांगायला नको.

एरिन वेस्टगेट आणि टिमोथी विल्सन यांनी 2018 साली हे दोन्ही धागे एकत्र गुंफले. त्यांच्या मांडणीनुसार कंटाळ्याची मुळं दोन. एक, काम आणि आपली कुवत यांचा मेळ नसणं: फार सोपं असेल तरी मन निसटतं आणि झेपेनासं कठीण असेल तरी. दोन, त्या कामात आपल्याला अर्थ न दिसणं. कंटाळा यायला दोन्हींपैकी एकच पुरेसं असतं. दोन्ही एकदम असतील तर तो जास्त.

हा भेद महत्त्वाचा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. आपण मात्र सरसकट एकच करतो: मोबाइल उघडतो आणि एक व्हिडिओ अर्धवट सोडून दुसरा लावतो. केटी टॅम आणि मायकेल इंझ्लिक्ट या टोरंटोच्या संशोधकांनी 2024 साली नेमकं हेच तपासलं. व्हिडिओ मनाला येईल तसे बदलता आले तर कंटाळा कमी येईल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अशा उड्या मारणाऱ्यांना जास्त कंटाळा आला, आणि पाहिलेलंही कमी अर्थपूर्ण वाटलं. एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणारे त्यात अधिक रमले.

तेव्हा दहावीतली मुलगी त्रिकोणमिती ‘बोअर’ आहे म्हणाली, तर तिला लगेच रागावू नका आणि ‘पुढे उपयोगी पडेल’ हे भाषणही देऊ नका. आधी वही मागून घ्या. पहिली दोन गणितं सुटली आहेत आणि तिसऱ्यापाशी पेन थांबलं आहे, असं दिसलं तर अडचण बहुधा अर्थाची नाही. नववीतलं समरूप त्रिकोणांचं काहीतरी कच्चं राहिलं असेल, ते आधी करून घ्या. सगळी गणितं भराभर सुटली असतील, तर तिला त्याहून अवघड द्या. आणि गणितं धड जमत असूनही ती ‘कशाला करायचं हे?’ विचारत असेल, तर मात्र तिच्याशी बसून त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधा.