चुकीच्या विमानतळावर गेलेली गाडी

गोव्यात 2023 पासून दोन विमानतळ आहेत: दक्षिणेला दाबोळी (GOI) आणि उत्तरेला मोपा (GOX). पाहुणा मोपाला उतरतो आणि हॉटेलचा चालक दाबोळीला पाटी धरून उभा राहतो, ही चूक त्यामुळे सहज घडते. चालकाला मोपा गाठायला दीड तास तरी लागतो. अशा वेळी ‘गाडी निघालीच आहे’ असे कळवणे म्हणजे दुसरी चूक. पहिला निरोप फोनवर आणि लगेच लेखी असा जावा:

‘आमचा चालक चुकून दाबोळीला गेला. चूक आमची आहे, क्षमस्व. आपण थांबू नये. मोपाच्या काउंटरवरून टॅक्सी घ्यावी, भाडे हॉटेल देईल. पावती जपून ठेवावी. परतीची गाडी रविवारी सकाळी 6 वाजता, मोपासाठीच. चालकाचे नाव व गाडीचा क्रमांक आदल्या संध्याकाळी कळवू.’

यात ‘गैरसोय झाली असल्यास’ हे शब्द नाहीत, कारण गैरसोय झालेलीच असते. वाहतुकीची सबबही नाही. आगाऊ घेतलेले भाडे परत करायचे असल्यास रक्कम आणि तारीख त्याच निरोपात लिहावी. परतीच्या नोंदीत नुसते ‘गोवा विमानतळ’ न लिहिता तिकिटावरचा कोड टाकावा.