जीन्स कोणत्या मापाची घ्यावी?

आमच्या बालाघाटातील मराठी कुटुंबांची मोठी खरेदी बहुधा गोंदियाला अथवा नागपूरला होत असते. दुकानात नेमकी बसलेली जीन्स महिन्याभरात कमरेवरून घसरू लागली, तर ती बदलून आणण्यासाठी पुन्हा गाडीभाडे कोण खर्चणार? दोष मात्र बहुधा मापाचा नसतो, कापडाचा स्वभाव न ओळखल्याचा असतो.

डेनिम हे जाड, तिरप्या विणीचे सुती कापड. ह्याच्या उभ्या धाग्यास निळा रंग दिलेला असतो, आडवा पांढरा राहतो. (त्याच्याच कुळातल्या भरड कापडास इंग्रजीत जे 'डंगरी' नाव पडले, ते मुंबईच्या डोंगरीवरून आले, हे जाता जाता सांगावयास हवे.) पूर्वी हे कापड निव्वळ सुताचे असे. आजच्या बहुतेक जीन्समध्ये मात्र आडव्या धाग्यात रबरासारखा ताणणारा इलास्टेनचा तंतू गुंफलेला असतो. आतल्या पट्टीवर '98 टक्के कापूस, 2 टक्के इलास्टेन' असे छापलेले आढळते, ते ह्याचेच. नुसते '100 टक्के कापूस' असेल, तर ते कडक डेनिम समजावे.

कडक डेनिमचे धागे विणीत नागमोडी बसलेले असतात. अंगाचा दाब आणि ऊब ह्यांनी ते हळूहळू सरळ होतात आणि कापड तेवढे सैल पडते. त्यांना मागे खेचणारी स्प्रिंग नसते. धुतल्यावर सूत फुगून थोडेसे आखडते, पण सगळे नाही. ताणणाऱ्या डेनिमची तऱ्हा उलटी. ते क्षणात ताणते आणि क्षणात परतते; मात्र दिवसभर वाकलेल्या गुडघ्यापाशी परतण्याची शक्ती कमी पडते आणि सायंकाळी तेथे फुगा दिसतो.

आमच्या दोन पुतण्यांचे उदाहरण घेऊ. दोघींचीही कंबर, जीन्स जेथे टेकते तेथे फितीने मोजली असता, 30 इंच. थोरलीने कडक डेनिम घेतले. कमरपट्टी सपाट ठेवून मोजली, दुप्पट केली, तर बरोबर 30 भरली. बटण लावताना तिला श्वास किंचित आवरावा लागला, आणि दुकानातील मुलगा मोठे माप पुढे करू लागला. तिने ऐकले नाही, ते बरेच झाले. दहाबारा वेळा घातल्यावर कमर सुमारे 31 झाली. धुतल्यावर अर्धा इंच मागे आली. मोठे माप घेतले असते, तर पट्ट्याशिवाय ती उभी राहिली नसती. मांडी आणि आसन ह्यांच्या बाबतीत मात्र असा भरवसा धरू नये. आसनाची उंची वापराने फारशी वाढत नाही. तेथे काचत असेल तर ती जीन्स परतच करावी.

धाकटीने ताणणारे डेनिम घेतले, तेही 'मोकळे बरे' म्हणून 31 चे. दुकानात सुख वाटले, पण आठवड्याभरात बैठकीमागे आणि गुडघ्यांशी कापड लोंबू लागले. हे कापड अंगाहून थोडे लहान असावे लागते, तरच तंतू ताणलेला राहून कापडास अंगाशी धरून ठेवतो. पुढच्या वेळी तिने सपाट मोजून 29 इंचांची घेतली. ती नीट बसली. ह्याहून फार लहान घेणेही बरे नव्हे. सतत अतिताणाने तंतूच थकतो, बैठकीवर बारीक पांढरे केस डोकावू लागतात आणि एकदा गेलेली स्प्रिंग कितीही धुतली तरी परत येत नाही. कढत पाणी, कडक इस्त्री आणि ब्लीच ह्यांनीही तेच होते.

तंतू चांगला आहे की नाही, हे दुकानातच कळते. मांडीपाशी चार बोटे कापड आडवे ताणून दहा आकडे मोजावे आणि सोडावे. लगेच सपाट झाले तर ठीक. लाट राहिली तर ती जीन्स पहिल्या आठवड्यातच गुडघे काढील.

छापील आकड्यावरही विसंबू नये. '30' लिहिलेल्या जीन्सची कमर फितीने 31 वा 32 भरलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून फीत खिशात असावी.

पायाची लांबी हा वेगळाच मामला. कडक डेनिम रुंदीत सैलावते, पण पहिल्या एकदोन धुण्यांत लांबीला आखडते, विशेषतः न धुतलेले कोरे असेल तर. तेव्हा शिंप्याकडे पाय कापावयास देण्यापूर्वी ते दोनदा धुऊन वाळवावे, आणि तोवर खाली दुमडून वापरावे.