कामावरून काढल्यानंतरचं पहिलं पत्र

‘गैरव्यवहारामुळे सेवा समाप्त’ एवढ्या एका ओळीवर घरी पाठवलेल्या रोखपालाने आधी काय करावं? मालकाला पत्र लिहावं. आरोप कोणता, कोणत्या तारखेचा आणि तो कशावरून सिद्ध धरला, हे लेखी मागावं. सोबत आरोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, रोकडवहीची पानं आणि चौकशी अहवाल यांच्या प्रती मागाव्यात.

‘कागद इथे येऊन पाहून जा’ हे उत्तर नेहमीच पुरेसं ठरत नाही. काशीनाथ दीक्षित या सरकारी अधिकाऱ्याच्या चौकशीत 38 साक्षीदार आणि 112 कागद होते. मागूनही प्रती दिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांची बडतर्फी रद्द केली.

मात्र 1993च्या करुणाकर निकालानुसार, चौकशी अहवाल दिला नाही एवढ्याने शिक्षा रद्द होत नाही. त्यामुळे बचावाचं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक कागदापुढे तो का हवा ते लिहा: ‘त्या दिवशी मी रजेवर होतो, हे हजेरीपटावरून दिसेल.’ पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची प्रत व पोच जपून ठेवा.